गुण वाढले, पर्सेंटाइल घसरलं

उदगीरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम असलेल्या माणसाला टक्केवारी कुणी शिकवावी लागत नाही. सोयाबीनच्या ढिगात हात घातला की ओलावा किती असेल, याचा अंदाज त्याला मशीन लावायच्या आधीच येतो. तो बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटतो, हे तो वर्षानुवर्षं वहीत लिहीत आला आहे. त्यामुळे सप्टेंबरमधल्या एका सोमवारी लेकीच्या सराव परीक्षेचा निकाल मोबाइलवर आला, तेव्हा त्यातला शेवटचा आकडा त्याने एका नजरेत वाचला आणि आपल्याला तो कळला असं समजून घरी फोन लावला. “पंच्याऐंशी टक्के पडले पोरीला!”

मुलगी लातूरला वसतिगृहात राहून बारावी करत होती आणि तिथल्याच एका क्लासमध्ये जेईईची तयारी करत होती. निकालाच्या संदेशात पाच ओळी होत्या. भौतिकशास्त्र 50, रसायनशास्त्र 52, गणित 40, एकूण 300 पैकी 142, आणि सगळ्यात खाली ‘पर्सेंटाइल 85.00’. संध्याकाळपर्यंत ही बातमी आजोळी पोचली होती. रात्री मामाने फोनवरच गणित केलं आणि 300 पैकी 142 म्हणजे सव्वासत्तेचाळीस टक्के होतात, असं सांगितलं. मग पंच्याऐंशी आले कुठून?

बापाला वाटलं, क्लासने फी वसूल झाल्यासारखं दिसावं म्हणून आकडा फुगवला. त्याने तडक मुलीला फोन केला.

“पप्पा, ते टक्के नाहीत,” मुलगी म्हणाली. “परीक्षेला चारशे मुलं बसली होती. माझ्याइतके किंवा माझ्याहून कमी गुण तीनशे चाळीस जणांना पडले, त्यात मी पण आले. तीनशे चाळीस भागिले चारशे, गुणिले शंभर. पंच्याऐंशी.”

“म्हणजे तुझ्या पुढं साठ जण?”

“हो. साठ.”

हिशेब एवढाच आहे, आणि तो क्लासने स्वतः शोधलेला नाही. राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, 2019 पासून जेईई मेनचा निकाल याच सूत्राने लावते. आपल्या सत्रात परीक्षा दिलेल्या मुलांपैकी किती जणांना आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण आहेत ते मोजायचं, त्याला एकूण मुलांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. मुलं एकाच आकड्यावर अडकू नयेत म्हणून एनटीए हा आकडा दशांशचिन्हानंतर सात स्थळांपर्यंत देते. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचा निकालही पर्सेंटाइलमध्येच लागतो. एकाच मुलीला जेईईत आणि सीईटीत वेगवेगळं पर्सेंटाइल मिळतं, कारण दोन्हीकडे तिच्याबरोबर बसलेली मुलं वेगळी असतात आणि प्रश्नपत्रिकेचा कसही वेगळा असतो.

मुनीमाला हे पटलं ते त्याच्या यार्डाच्या भाषेत. पोत्यातला ओलावा त्या पोत्यापुरता असतो. शेजारी कुणाचाही माल येवो, बारा टक्के ते बाराच. पण लिलावात आपला ढीग कितव्या नंबरचा ठरेल, हे त्या दिवशी यार्डात बाकीचा माल कसा आला आहे यावर ठरतं. मुलीचे 142 गुण हा पहिल्या जातीचा आकडा आणि 85 पर्सेंटाइल हा दुसऱ्या. निकालपत्रकावर दोन्ही एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून ते एकाच मापाचे वाटतात.

लातूरच्या रस्त्यांवर लागलेल्या मोठ्या फलकांकडेही तो आता वेगळ्या नजरेने पाहू लागला. ‘100 पर्सेंटाइल’ असं लिहिलेल्या मुलांना पैकीच्या पैकी गुण पडले असतील, असं त्याला आजवर वाटत होतं. पण सूत्र पाहिलं की कळतं, सत्रात पहिल्या आलेल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण सगळ्यांनाच असतात, तो स्वतःही त्यात मोजला जातो. म्हणून त्याचं पर्सेंटाइल आपोआप 100 येतं. त्याला 300 पैकी 300 पडले असोत की 285. शिवाय जेईई मेन एका दिवसात होत नाही. जानेवारी 2025 मध्ये अभियांत्रिकीचा पेपर पाच दिवस, रोज दोन सत्रांत झाला. दहा सत्रांना दहा प्रश्नपत्रिका, आणि प्रत्येक सत्राचा पहिला वेगळा. म्हणूनच 2024 मध्ये देशात 56 जणांना आणि 2025 मध्ये 24 जणांना 100 पर्सेंटाइल मिळालं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती.

सत्रं वेगळी आणि पेपरही वेगळे असताना सगळ्यांना एका यादीत कसं बसवायचं, या अडचणीसाठीच ही पद्धत आणली आहे. सकाळचा पेपर अवघड आणि दुपारचा सोपा निघाला, तर सकाळी 150 गुण मिळवणारं मूल दुपारी 170 मिळवणाऱ्याच्या बरोबरीचं असू शकतं. गुणांची थेट तुलना केली तर सकाळच्यांवर अन्याय होतो. म्हणून प्रत्येकाला आधी त्याच्याच सत्रातल्या मुलांमध्ये मोजतात आणि मग सगळ्या सत्रांची पर्सेंटाइल एकत्र करतात. यामागे एक गृहीत आहे, की लाखभर मुलांना सत्रं कसलीही निवड न करता वाटली तर सकाळच्या आणि दुपारच्या गर्दीत हुशार, मध्यम आणि कच्च्या मुलांचं प्रमाण जवळपास सारखंच असणार. गर्दी मोठी असेल तर हे गृहीत बऱ्यापैकी टिकतं. क्लासमधल्या चारशे मुलांच्या परीक्षेत मात्र ते टिकेलच असं नाही, आणि तिथेच पालक फसतात.

ऑक्टोबरात दुसऱ्या परीक्षेचा निकाल आला. भौतिकशास्त्र 52, रसायनशास्त्र 74, गणित 42. एकूण 168. तिन्ही विषयांत गुण वाढलेले, एकूण गुणांत 26 ची भर. आणि पर्सेंटाइल 78.00.

या वेळी बापाने मुलीला फोन केला नाही. त्या रविवारी क्लासमध्ये पालकसभा होती, तो सकाळच्या एसटीने लातूरला गेला. सभा संपल्यावर गणिताचे सर एकटे दिसले, तेव्हा त्याने दोन्ही निकाल त्यांच्यापुढे धरले. “सर, पोरगी पुढं चाललीय का मागं?”

सरांनी आधी त्याला एक वेगळाच आकडा दाखवला, जो पालकांना पाठवलेल्या संदेशात नव्हता. सप्टेंबरच्या परीक्षेत चारशे मुलांची सरासरी 98 होती. ऑक्टोबरात ती 131 झाली. पेपर सोपा निघाला होता. सगळ्यांचे गुण वाढले, सरासरीने 33 वाढले, आणि मुलीचे 26. ती पुढे सरकली, पण तिच्या बाजूने चालणारी त्याहून जोरात सरकली. सप्टेंबरात तिच्या पुढे 60 जण होते, आता 88.

“मग 142 बरे म्हणायचे की 168?” बापाने विचारलं.

सर म्हणाले, “गुण एकमेकांशी ताडून पाहू नका. पेपर बदलला की ते ताडता येत नाहीत. ती कुठे अडकली ते विषयवार पाहू.”

पालकाने सराव परीक्षेच्या निकालातून जे घ्यायचं, ते या विषयवार आकड्यांत असतं. त्या मुलीचं रसायनशास्त्राचं पर्सेंटाइल 80 वरून 84 झालं होतं. गणिताचं 82 वरून 77. आणि भौतिकशास्त्राचं 84 वरून थेट 66. गुण दोनने वाढलेले, पण या विषयात तिच्या पुढे असलेल्यांची संख्या 64 वरून 136 झाली. घसरण कुठून आली, याचं उत्तर या एका ओळीत होतं.

सरांनी तिची उत्तरपत्रिका उघडली. जेईई मेनच्या पद्धतीनुसार प्रत्येक विषयाचे 25 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 गुण वजा. सप्टेंबरात तिने भौतिकशास्त्राचे 15 प्रश्न सोडवले होते, 13 बरोबर आणि 2 चूक. दहा सोडून दिले. अवघड पेपरात हे शहाणपणाचं होतं, कारण इतरांनाही ते दहा प्रश्न आले नव्हते. ऑक्टोबरात तिने 18 सोडवले, 14 बरोबर आणि 4 चूक, सात सोडले. ते सात प्रश्न विद्युतधारेवरचे होते, सरळ सूत्रात आकडे घालून सुटणारे, आणि निम्म्याहून अधिक वर्गाने ते सोडवले होते. तिच्याजवळ वेळच उरला नव्हता, कारण गणिताच्या दोन लांबलचक प्रश्नांवर तिने पंधरावीस मिनिटं घालवली होती.

गुणांच्या ओळीत हे काहीच दिसत नव्हतं. 50 चे 52 झाले म्हणून कुणीही पाठ थोपटली असती. पर्सेंटाइल घसरलं म्हणून तिकडे लक्ष गेलं, आणि दुखणं भौतिकशास्त्राच्या अभ्यासात नसून पेपरातल्या वेळेच्या वाटणीत आहे, हे कळलं. सराव परीक्षेतल्या पर्सेंटाइलचा खरा उपयोग हा आहे. सोपा पेपर आला की कुणाचे सोपे गुण सुटतात, ते त्यातून उघडं पडतं.

मुनीमाच्या डोक्यात मात्र एक हिशेब जुळत नव्हता. सप्टेंबरच्या निकालात विषयांची पर्सेंटाइल 84, 80 आणि 82. तिन्हींची सरासरी 82 येते. मग एकूण 85 कसे? तिन्ही विषयांपेक्षा बेरीज मोठी, हे कोणत्या वहीत बसतं?

हा प्रश्न अनेक पालक विचारतात, आणि काही जण त्यावरून निकालच चुकला असं ठरवून मोकळे होतात. पण पर्सेंटाइलची सरासरी काढायची नसते. भौतिकशास्त्रात मुलीच्या पुढे 64 जण होते, रसायनशास्त्रात 80, गणितात 72. हे सगळे एकच नव्हेत. भौतिकशास्त्रात पुढे असलेल्या कित्येकांची गणितात दांडी उडाली होती, आणि गणितातले काही रसायनशास्त्रात फार मागे होते. त्यांच्या तिन्ही विषयांच्या गुणांची बेरीज केली तर ती 142 च्या खाली येत होती. ही मुलगी कोणत्याच विषयात अव्वल नव्हती, पण कोणत्याच विषयात पडलीही नव्हती. त्यामुळे बेरजेत तिला मागे टाकणारे फक्त 60 उरले. जो विद्यार्थी तिन्ही विषय सारखे धरून ठेवतो, त्याचं एकूण पर्सेंटाइल असं विषयांच्या वर जाऊ शकतं. जेईईच्या निकालातही हे दिसतं, आणि तिथेही एकूण पर्सेंटाइल विषयांची सरासरी न काढता एकूण गुणांवरूनच स्वतंत्रपणे मोजतात.

सभेला आलेल्या दुसऱ्या एका पालकाचा मुलगा नीटची तयारी करत होता. त्याने ऐकलं होतं की नीटला खुल्या प्रवर्गासाठी 50 पर्सेंटाइल लागतं, म्हणून 720 पैकी 360 गुण मिळाले की पात्र, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात 50 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांच्या बरोबर मधलं मूल, आणि त्या मुलाला किती गुण पडतात हे दरवर्षी बदलतं. 2023 मध्ये ते 137 होते, 2024 च्या सुधारित निकालात 162, आणि 2025 चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, कठीण निघाल्यावर 144. एकाही वर्षी 720 च्या चौथ्या हिश्शाइतके नाहीत. पात्रतेची ही रेषा ओलांडली म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली असंही नाही. तिथले प्रवेश गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर होतात आणि ते फार वर संपतात.

टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत फक्त गावाकडच्या बापांची होते असं मानण्याचं कारण नाही. सप्टेंबर 2023 मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठीची पात्रता ‘शून्य पर्सेंटाइल’पर्यंत खाली आणली गेली, तेव्हा शून्य गुण मिळवणारे तज्ज्ञ डॉक्टर होणार, अशी ओरड देशभर झाली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे शून्य गुण नव्हेत. यादीतल्या सगळ्यात शेवटच्या उमेदवारापर्यंत सगळ्यांना प्रवेशफेरीत भाग घेता येईल, असा त्याचा अर्थ होता. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तरांना गुण वजा होत असल्याने त्या यादीत शून्याहूनही कमी गुण असलेले उमेदवार होते. निर्णयावर टीका करायला जागा होतीच, आणि ती नेमक्या शब्दांत केली असती तर अधिक टोकदार झाली असती.

लातूरहून परतताना बापाच्या मनात मोठा प्रश्न होता तो 93 चा. 2025 मध्ये जेईई ॲडव्हान्स्डसाठी खुल्या प्रवर्गाची पात्रता 93.10 पर्सेंटाइलवर थांबली होती, आणि मुलीचं क्लासमधलं पर्सेंटाइल 78. पंधराची तफावत जानेवारीपर्यंत कशी भरून निघायची?

ही तफावत अशी मोजताच येत नाही. क्लासमधली ती चारशे मुलं प्रवेशचाचणी घेऊन निवडलेली होती. जेईई मेनला 2025 मध्ये दोन्ही फेऱ्या मिळून 14 लाख 75 हजार मुलं बसली. त्यात दोन वर्षं झटून अभ्यास करणारी होती आणि नुसता अर्ज भरून पाहू म्हणणारीही होती. निवडलेल्या चारशेंत 78 वर असलेलं मूल देशाच्या गर्दीत त्याच्या बरंच वर असू शकतं. आणि जिथे कुणालाही प्रवेश मिळतो, अशा क्लासमध्ये 95 वर असलेलं मूल देशाच्या यादीत खाली जाऊ शकतं. क्लासचं पर्सेंटाइल हे क्लासच्या चार भिंतींतलं आहे. त्यावरून देशातला क्रमांक काढून देणारे तक्ते पालकांच्या गटांत फिरत असतात. ते कोणत्या मुलांवरून बनवले, हे त्यावर लिहिलेलं नसेल तर ते बाजूला ठेवावेत.

जेईईच्या पात्रतेचा आकडा स्वतःही गर्दीवर हलतो, आणि हे एकदा हिशेब करून पाहण्यासारखं आहे. 2022 मध्ये खुल्या प्रवर्गाची रेषा 88.41 वर होती, 2023 मध्ये 90.78 वर, 2024 मध्ये 93.24 वर. दोन वर्षांत जवळपास पाचने वर. मुलं एवढी हुशार झाली, किंवा पेपर एवढा सोपा झाला, असं यातून वाटतं. पण 2022 मध्ये परीक्षा दिलेली मुलं 9 लाख 5 हजार होती आणि 2024 मध्ये 14 लाख 15 हजार. 88.41 म्हणजे वरचे साडेअकरा टक्के. 9 लाखांचे साडेअकरा टक्के काढले तर एक लाखाच्या थोडं वर येतं. 93.24 म्हणजे वरचे पावणेसात टक्के. 14 लाखांचे पावणेसात टक्के काढले तर पंचाण्णव हजारांच्या आसपास येतं. म्हणजे उंबरठा दोन्ही वर्षी साधारण लाखाव्या मुलापाशीच होता. ॲडव्हान्स्डसाठी सर्व प्रवर्ग मिळून सुमारे अडीच लाख मुलं घेतली जातात आणि ही संख्या फारशी बदललेली नाही. गर्दी वाढली, म्हणून तोच लाखावा क्रमांक वरच्या पर्सेंटाइलवर जाऊन बसला.

याच हिशेबाने 99 पर्सेंटाइलचं वजनही करून पाहावं. घरात कुणाला 99 मिळालं की आता शिखर गाठलं असं वाटतं. पण पावणेपंधरा लाखांत एक पर्सेंटाइल म्हणजे पावणेपंधरा हजार मुलं. 99 वर असलेल्या मुलाच्या पुढे एवढी रांग उभी असते, आणि 99.9 वर असलेल्याच्या पुढे जेमतेम पंधराशे. शंभरातून पर्सेंटाइल वजा करायचं, उरलेल्याला परीक्षा दिलेल्यांच्या संख्येने गुणायचं आणि शंभराने भागायचं, की क्रमांकाचा अंदाज मिळतो. प्रवेश क्रमांकावर होतो, म्हणून घरी हा गुणाकार करून मगच महाविद्यालयांची स्वप्नं रंगवावीत. शिवाय मधल्या पट्ट्यात मुलांची दाटी असते, तिथे दोन बरोबर उत्तरांनी पर्सेंटाइल चांगलंच उडी घेतं. वरच्या टोकाला मुलं विरळ असतात, तिथे अर्धा पर्सेंटाइल वाढवायला कितीतरी अधिक गुण लागतात. त्यामुळे ‘70 वरून 80 ला महिन्यात आली, आता पुढच्या महिन्यात 90’ हा हिशेब चालत नाही, आणि तसा तो न चालल्याबद्दल मुलीला बोलणं अन्यायाचं आहे.

दिवाळीनंतर तिसरा निकाल आला. 150 गुण, पर्सेंटाइल 80.00. या वेळी फोन मुलीनेच केला आणि ती रडवेली होती. भौतिकशास्त्रात तिने एकही सोपा प्रश्न सोडला नव्हता, आधी तिन्ही विषयांचे सरळ प्रश्न आणि मग लांबलचक, अशी पद्धतही ठरवून पाळली होती. सप्टेंबरात 85 होतं, आणि एवढं करून 80.

बापाने विचारलं, “बसली किती जण होती?”

ते निकालावर नव्हतं. तिने चौकशी करून सांगितलं, तीनशे. शंभर मुलं दिवाळीला गावी गेली ती परतलीच नव्हती.

“आणि तुझा नंबर?”

“एकसष्ट.”

मुनीमाने वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. तिच्या पुढे 60 जण. तीनशेतून साठ गेले, उरले 240. भागिले 300, म्हणजे 80. बरोबर आहे. मग त्याने मुलीला आधीच्या दोन्ही याद्या काढायला लावल्या आणि न आलेली मुलं तिथे कुठे होती ते पाहायला सांगितलं. ती शंभरही मुलं दोन्ही वेळा तिच्या मागे होती. ती आली असती आणि पुन्हा मागेच राहिली असती, तर हिशेब 400 पैकी 340, म्हणजे 85 झाला असता. तिच्या पुढे जाणारी मुलं सप्टेंबरात साठ होती, ऑक्टोबरात अठ्ठ्याऐंशी आणि आता पुन्हा साठ. ती ऑक्टोबरातली घसरण भरून काढून बसली होती आणि निकालपत्रक तिला सप्टेंबरहून खाली गेलीस म्हणून सांगत होतं.

“बाळा, तू मागं गेली नाहीस,” तो म्हणाला. “खालची पोरं आली नाहीत म्हणून आकडा खाली आला.”

लहान परीक्षांच्या पर्सेंटाइलमध्ये हा दोष कायमचा आहे. ज्यांचा अभ्यास झालेला नसतो तीच मुलं बहुतेकदा परीक्षा चुकवतात, आणि ती चुकली की हजर राहिलेल्या प्रत्येकाचं पर्सेंटाइल घसरतं, पहिल्या आलेल्याचं सोडून. उलट एखाद्या परीक्षेला क्लासने दुसऱ्या शाखांतली किंवा बाहेरची मुलं बसवली, तर काही न करता सगळ्यांचं पर्सेंटाइल वर जाऊ शकतं. संशय आला तर ओळखायला सोपं आहे. लागोपाठच्या परीक्षांना किती मुलं बसली ते पाहावं, आणि आपल्या मुलाच्या पुढे किती जण होते ते मोजावं. पुढच्यांची संख्या तेवढीच आणि पर्सेंटाइल बदललेलं, असं दिसलं तर हललंय ते गर्दीचं शेपूट.

हे पाहण्यासाठी पालकाला लागतात ते आकडे क्लासकडे असतातच, कारण त्यांच्याशिवाय पर्सेंटाइल काढताच येत नाही. परीक्षेला प्रत्यक्ष बसलेल्यांची संख्या, वर्गाची सरासरी आणि विषयवार पर्सेंटाइल, एवढ्या तीन ओळी निकालाच्या संदेशात वाढवायला काहीही खर्च येत नाही. क्लासचालकांनी त्या छापाव्यात. आणि जोवर त्या छापून येत नाहीत, तोवर पालकांनी निकाल हातात पडताच मुलीला काही बोलण्याआधी क्लासला फोन करून त्या विचारून घ्याव्यात.